पाकिटावर DE, मग हळद जर्मनीची का? सेंद्रिय कोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हॅम्बुर्गमध्ये मसाले आयात करणाऱ्या व्यवसायात लेबलं तपासण्याचं काम करते. माल बंदरात उतरल्यापासून पाकीट दुकानात जाईपर्यंत त्यावरची प्रत्येक ओळ कागदपत्रांशी जुळते का, हे बघणं हे माझं रोजचं काम. इथल्या मराठी मंडळात, भिशीत, कधी थेट दुकानाच्या रांगेत मला तेच ते प्रश्न विचारले जातात. म्हणून एकदाची सगळी उत्तरं लिहून काढली. हे सगळं युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांबद्दल आहे. भारतातल्या पाकिटांची गोष्ट वेगळी आहे, तिच्याबद्दल पुढे एक प्रश्न घेतला आहे.

हिरव्या पानाच्या चिन्हाखाली DE-ÖKO-006 असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते काय आहे?

तो तपासणी संस्थेचा कोड. हिरव्या चौकटीत बारा ताऱ्यांनी काढलेलं पान म्हणजे युरोपीय संघाचं सेंद्रिय चिन्ह. चिन्हासोबत हा कोड असावाच लागतो, आणि तोही चिन्ह दिसतं त्याच बाजूला. पाकीट फिरवून शोधावा लागता कामा नये.

कोडचे तीन तुकडे असतात. पहिली दोन अक्षरं देशाची: DE म्हणजे जर्मनी, FR फ्रान्स, IT इटली, NL नेदरलँड्स, AT ऑस्ट्रिया, IN भारत. मधला शब्द सेंद्रिय शेतीशी नातं सांगतो, आणि तो प्रत्येक देशाने आपापल्या भाषेतून घेतलेला असतो. म्हणून जर्मनीत ÖKO दिसतं, फ्रान्स-इटलीत BIO, स्वीडनमध्ये EKO. शेवटचा आकडा म्हणजे त्या देशातल्या यादीतला त्या संस्थेचा क्रमांक. DE-ÖKO-006 ही एबीसर्ट नावाची संस्था, FR-BIO-01 ही इकोसर्ट फ्रान्स. नेदरलँड्समध्ये स्काल ही एकच संस्था हे काम करते, त्यामुळे तिथल्या मालावर नेहमी NL-BIO-01 दिसतं. डेन्मार्कमध्ये तर तपासणी सरकारच करतं आणि तिथला कोड DK-ØKO-100 असतो.

मग DE असेल तर माल जर्मनीत पिकलेला, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

नियमात ही दोन अक्षरं ‘तपासणी जिथे होते त्या देशाची’ अशी सांगितली आहेत. तपासणी कोणाची? तर मालावर शेवटचं काम ज्याने केलं, त्या व्यावसायिकाची. त्याचं नियंत्रण ज्या संस्थेकडे, तिचा कोड पाकिटावर येतो. शेतकऱ्याला प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती, ते या कोडवरून कळत नाही. जहाजातून माल पाठवणाऱ्याचं प्रमाणपत्र कोणाचं, तेही नाही.

पटत नसेल तर कॉफीच्या शेल्फपाशी उभं राहून बघा. जर्मनीत भाजलेल्या सेंद्रिय कॉफीच्या पाकिटांवर DE-ÖKO असंच असतं. कॉफी काही जर्मनीत पिकत नाही.

‘शेवटचं काम’ म्हणजे नक्की काय? दळण? शिजवणं?

नियमाचा शब्द आहे ‘तयारी’, आणि त्यात लोकांना वाटतं त्याहून खूप जास्त येतं. दळणं, सोलणं, कापणं, स्वच्छ करणं, टिकवणं हे तर आहेच. पण पाकिटात भरणं, लेबल लावणं आणि सेंद्रियतेबद्दलचा लेबलावरचा मजकूर बदलणं हीसुद्धा तयारीच धरली जाते.

म्हणजे पंचवीस किलोच्या पोत्यातली दळलेली हळद कोणी शंभर-शंभर ग्रॅमच्या पाकिटांत भरली, तिला दुसरं काहीही केलं नाही, तरी शेवटचा हात त्याचाच ठरतो. कोड त्याच्या तपासणी संस्थेचा. यामागे कारण आहे. पोतं उघडल्यावर साधी हळद मिसळली जाण्याचा किंवा एका लॉटचं लेबल दुसऱ्यावर लागण्याचा धोका तिथेच जास्त असतो. म्हणून तक्रार आली की सरकारी अधिकाऱ्याला आधी कुणाचं दार ठोठावायचं, हे कोडवरून कळलं पाहिजे. कोड त्यासाठी आहे.

मग माल कुठे पिकला, हे कुठे वाचायचं?

कोडच्या लगेच खालची ओळ वाचा. चिन्ह असलं की ही ओळ सक्तीची असते. जर्मन पाकिटावर ती बहुतेक वेळा तीन रूपांत दिसते.

‘ईयू-लांडविर्टशाफ्ट’ म्हणजे शेतीचा कच्चा माल युरोपीय संघात पिकला. ‘निश्ट-ईयू-लांडविर्टशाफ्ट’ म्हणजे संघाबाहेर पिकला. मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहिलं असेल तर काही आतला, काही बाहेरचा. मासे किंवा कोळंबी असेल तर शेतीऐवजी मत्स्यपालनाचा शब्द येतो.

याऐवजी किंवा याच्या जोडीला देशाचं नाव लिहिता येतं, पण सगळा शेतीमाल त्याच देशात पिकला असेल तरच. सध्याच्या नियमांनुसार, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या 2018/848 क्रमांकाच्या नियमानुसार, देशासोबत त्यातल्या प्रदेशाचं नावही देता येतं. ते देणं ऐच्छिक आहे. बरेच उत्पादक देत नाहीत, कारण पुढचा लॉट दुसऱ्या देशातून आला तर छापलेली सगळी पाकिटं वाया जातात.

एखाद्या पाकिटाचा सगळा प्रवास सांगाल का?

हळदीचाच सांगते. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद घ्या. ऑगस्टच्या सुमारास मी भाच्याकडे तिथे गेले होते, तेव्हा घरात कोपऱ्यात रचलेली हळकुंडांची पोती बघितली होती. हात घातला की नखांत पिवळा रंग बसतो आणि तीन दिवस जात नाही.

आता समजा अशीच सेंद्रिय हळद निर्यातीला निघाली. छोटे शेतकरी सहसा एकेकटे प्रमाणपत्र घेत नाहीत, गट करून घेतात. भारताच्या एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाखाली गटाची तपासणी होते. माल विकला गेला की तपासणी संस्था अपेडा या भारत सरकारच्या निर्यात संस्थेच्या ट्रेसनेट प्रणालीवर त्या व्यवहाराचं प्रमाणपत्र काढते. त्यात किती किलो, कोणाकडून कोणाला, हे असतं. गटाच्या शेतात पिकली त्याहून जास्त हळद विकली जाऊ नये, म्हणून ही नोंद.

माल जहाजात चढण्याआधी युरोपसाठी वेगळा तपासणी दाखला लागतो. तो ट्रेसेस नावाच्या युरोपीय प्रणालीत निघतो. जहाज हॅम्बुर्गला आलं की सीमा तपासणी चौकीत कागद आणि माल बघून दाखल्यावर शिक्कामोर्तब होतं. तोपर्यंत ती हळद सेंद्रिय म्हणून बाजारात उतरत नाही.

पुढे आयातदार पोती गिरणीला देतो. गिरणी हळकुंडं दळते, चाळते आणि भुकटी पाकीट भरणाऱ्याकडे पाठवते. तो शंभर ग्रॅमची पाकिटं भरून त्यांवर लेबल चिकटवतो. त्याची तपासणी DE-ÖKO-006 वाली संस्था करत असेल, तर पाकिटावर हे येतं:

```
DE-ÖKO-006
Nicht-EU-Landwirtschaft
```

इतक्या लांबच्या साखळीतला फक्त शेवटचा हात या कोडमध्ये दिसतो. भारतातल्या तपासणी संस्था, आयातदाराची संस्था, गिरणीची संस्था, सगळ्यांची कामं झालेली असतात, पण पाकिटावर त्यांचे कोड येत नाहीत. पाकीट भरणाऱ्याने त्यांचे कागद तपासून ठेवलेले असतात. दुसऱ्या ओळीत तो ‘भारत’ असंही लिहू शकला असता. लिहिलं नाही म्हणून तो काही लपवतोय असं नाही.

हळदीच्या मिश्रणावर ‘भारत’ लिहिलंय, पण त्यातलं आलं पेरू देशातलं आहे म्हणे. असं चालतं का?

इथे पाच टक्क्यांचा नियम लागतो. शेतीच्या एकूण कच्च्या मालाच्या वजनात पाच टक्क्यांपर्यंतचे घटक देश ठरवताना सोडून देता येतात. आधीच्या नियमांत ही सूट दोन टक्केच होती.

मागे एका ग्राहकाच्या हळद-दुधाच्या मसाल्याचं लेबल माझ्यासमोर आलं. पाकिटावर मोठी पिवळी हळकुंडं, आणि कोडखाली ‘भारत’. घटकांची यादी बघितली: हळद 60 टक्के, आलं 25, दालचिनी 10, मिरी 5. हळद आणि मिरी भारतातली. आलं पेरूचं, दालचिनी श्रीलंकेची. म्हणजे पस्तीस टक्के माल भारताबाहेरचा. मिश्रणाचं नाव हळदीचं म्हणून डिझाइन करणाऱ्याने देशही हळदीचाच टाकला होता. वाईट हेतू अजिबात नव्हता, पण लेबल चुकीचंच होतं. सगळी छापील रीळं बाजूला ठेवावी लागली आणि ओळ बदलून ‘संघाबाहेरची शेती’ केली. तसं लिहिणं पूर्ण खरं होतं, कारण चारही घटक संघाबाहेरचेच.

नंतर त्यांनी पाककृती बदलली. हळद 70, आलं 20 आणि मिरी 4, तिन्ही भारतातले. दालचिनी 6, श्रीलंकेची. तरीही ‘भारत’ लिहिता येईना, कारण सहा हे पाचाच्या वर आहेत. शेवटी दालचिनी चारवर आणली, हळद बहात्तरवर नेली. मग मात्र ‘भारत’ लिहिता आलं. त्या पाकिटात चार टक्के श्रीलंकेची दालचिनी आहे आणि नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे. ‘भारत’ वाचून शंभर टक्के भारत समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगितली.

कोड IN ने सुरू होत असेल तर?

तेव्हा शेवटचं काम भारतात झालंय आणि तपासणीही तिथेच. भारताचे दोन प्रकारचे कोड दिसतात. IN-ORG हा भारताच्या स्वतःच्या एनपीओपी पद्धतीला युरोपने दिलेल्या मान्यतेखालचा. ती मान्यता फक्त भारतातच पिकलेल्या मालाला आहे, म्हणून या एका बाबतीत अक्षरं आणि शेत एकाच देशात येतात. दुसरा प्रकार IN-BIO, म्हणजे युरोपने थेट मान्यता दिलेल्या तपासणी संस्थांचा. तिथे संस्थेचा क्रमांक तोच राहतो आणि देश बदलला की सुरुवातीची अक्षरं बदलतात. म्हणून तुर्कस्तानच्या मालावर TR-BIO-154 आणि चीनच्या मालावर CN-BIO-154 दिसेल, आणि दोन्हीकडे संस्था एकच असेल.

पण IN असलेली पाकिटं युरोपच्या दुकानात कमी दिसतात. बहुतेक माल मोठ्या पोत्यांतून येतो आणि इथे भरला जातो. भारतात भरलेलं पाकीट थेट शेल्फवर पोचलं तरच IN टिकतं.

NL फार वेळा दिसतं. डच लोक इतकं पिकवतात?

पिकवतात भरपूर, पण मुख्य कारण रॉटरडॅम. बाहेरचा माल तिथे उतरतो, तिथेच साफ होतो, भरला जातो. म्हणून काजू, मनुका, नारळाचा कीस अशा मालावरही NL-BIO-01 असतं.

ताज्या फळांवर काय असतं?

ताजी फळं आणि भाज्या यांच्यासाठी युरोपात मूळ देश लिहिणं तसंही सक्तीचं आहे. म्हणजे सेंद्रिय केळ्यांच्या घडावर ‘इक्वेडोर’ आणि NL-BIO-01 दोन्ही दिसतील, आणि दोन्ही खरं असेल. द्राक्षांच्या डब्यावर ‘भारत’ असून कोड DE असला तरी घाबरू नका. कोणीतरी जर्मनीत खोके फोडून माल लहान डब्यांत भरलाय, एवढाच त्याचा अर्थ.

मग बारकोडचा 890 तरी भारताचा असतो ना?

890 हा बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस1 संस्थेच्या भारतातल्या शाखेकडून घेतलेला क्रमांक. जर्मनीतल्या संस्थेचे क्रमांक 400 ते 440. कंपनीने बारकोड कुठे नोंदवला, एवढंच त्यातून कळतं. माल कुठे पिकला किंवा कुठे बनला, यातलं काहीच नाही. सेंद्रिय कोडपेक्षाही तो कमी बोलतो.

भारतातल्या सेंद्रिय पाकिटावर असा देशाचा कोड का दिसत नाही?

कारण तिथे वेगळी पद्धत आहे. भारतात सेंद्रिय अन्नावर एफएसएसएआयचं ‘जैविक भारत’ चिन्ह असतं. एनपीओपीखालच्या मालावर ‘इंडिया ऑरगॅनिक’ चिन्ह आणि तपासणी संस्थेचा NPOP/NAB ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. तो क्रमांक संस्थेची मान्यता सांगतो, आणि तोही शेत सांगत नाही. स्थानिक बाजारासाठी पीजीएस ही शेतकऱ्यांनी एकमेकांची तपासणी करायची पद्धतही आहे, पण तिच्यावर युरोपला माल पाठवता येत नाही.

पुण्याहून येताना आईने दिलेल्या पाकिटावर युरोपीय कोड नसला म्हणून ते खोटं ठरत नाही. ते इथे विकण्यासाठी बनलेलंच नाही.

कोड आहे, पण हिरवं पान नाही. काय समजायचं?

दोन शक्यता जास्त. पहिली, सेंद्रिय घटक 95 टक्क्यांहून कमी आहेत. मग चिन्ह लावता येत नाही, फक्त घटकांच्या यादीत कुठला घटक सेंद्रिय आहे ते सांगता येतं, पण कोड तरीही द्यावा लागतो. दुसरी, माल संघाबाहेरून तयार पाकिटात आलाय. अशा मालावर चिन्ह लावणं ऐच्छिक आहे.

खोटं किंवा चुकीचं लेबल कसं ओळखायचं?

आधी साचा बघा: दोन अक्षरं, तीन अक्षरांचा शब्द, आणि जास्तीत जास्त तीन आकडे. DE-BIO असं दिसलं तर थांबा, कारण जर्मनीचा शब्द ÖKO आहे. मग चिन्हाजवळ कोड आणि त्याखाली शेतीची ओळ आहे का, ते बघा. चिन्ह असून ती ओळ नसेल तर लेबल अपुरं आहे. हिरवं पान आहे आणि कुठेच कोड नाही, अशी सुटी पाकिटं मी स्वतः एका आठवडी बाजारात बघितली आहेत. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, मागची पाकिटं संपली म्हणून इंटरनेटवरून चिन्ह काढून छापलं. हळद कदाचित चांगलीच असेल, पण ती कोणाच्या तपासणीखाली आहे हे सांगायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, आणि त्या चिन्हाचा तेवढाच तर अर्थ आहे.

देश आणि पीक यांचा मेळ बसतो का, तेही बघा. मिरी किंवा वेलची असलेल्या मिश्रणावर नुसतं ‘संघातली शेती’ लिहिलं असेल, तर ते घटक पाच टक्क्यांच्या आत आहेत का ते यादीत शोधा. नसतील तर विचारायला हरकत नाही.

कोडवरून संस्था शोधायची तर युरोपीय आयोगाने मान्यता असलेल्या संस्थांच्या याद्या दिल्या आहेत. व्यावसायिकाचं प्रमाणपत्र ट्रेसेसवर नावाने शोधता येतं. जर्मनीतल्या बऱ्याच व्यावसायिकांसाठी bioc.info ही सोयही आहे. प्रमाणपत्र उघडलं की त्यात मालाचा प्रकार वाचा. एखाद्याला फक्त चहाचं प्रमाणपत्र असतं आणि तो विकत असतो मसाले.

मला खरंच शेतापर्यंत जायचं असेल तर?

पाकिटावरचा लॉट क्रमांक आणि तारीख यांचा स्पष्ट फोटो काढा आणि पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याला ईमेल लिहा. ‘माल सेंद्रिय आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ येईल आणि गाडी तिथेच थांबेल. विचारायचं असं: ‘या लॉटमधली हळद कोणत्या देशात आणि कोणत्या प्रदेशात पिकली, आणि आयातीचा तपासणी दाखला कोणत्या संस्थेने काढला?’ प्रत्येक व्यावसायिकाला माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला याची नोंद ठेवावीच लागते, म्हणून देश सांगणं त्याला अवघड नसतं.

शेतकऱ्याचं नाव मात्र बहुतेक वेळा मिळत नाही. गटातल्या अनेकांची हळद एका गोदामात एकत्र येते आणि एकत्रच दळली जाते. गटाचं नाव, तालुका आणि हंगाम, इथपर्यंत कागद नक्की जातात. एकदा आमच्याकडे एका आजींचं पत्र आलं, त्यांना सांगलीची हळद आहे का हवं होतं. लॉट काढून बघितला, तर तो वसमतचा निघाला. मी तसं लिहून पाठवलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: ‘चालेल, वसमतची पण आवडते.’